आजी खरी, मग मेल बहाण्यासारखा का वाटतो?

ताई, मी एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या सत्राला आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट १० एप्रिलला संध्याकाळी ५ पर्यंत गाईड सरांकडे द्यायचाय. विषय: काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना मृग बहाराच्या संत्र्याला मिळालेला भाव. दोन्हीकडच्या वीस-वीस मुलाखती ठरल्या होत्या. काटोलच्या झाल्या, नरखेडच्या अकराच झाल्या. तीन प्रकरणं लिहून तयार आहेत, दोन बाकी. २७ ते ३० मार्च आजी दवाखान्यात भरती होती, मी तिच्याजवळच होते. पण खरं सांगते, त्याआधीचे तीन आठवडे मी संध्याकाळची शिकवणी घेत होते आणि प्रोजेक्ट आज करू, उद्या करू करत राहिले. आज ५ तारीख. सरांना हा मेल लिहिलाय. रूममेट म्हणते, ‘बहाणा वाटते.’ काहून वाटते? आजी तर खरंच भरती होती!

‘आदरणीय सर, सादर प्रणाम. आपण नेहमीच विद्यार्थ्यांना समजून घेता. काही अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे व आजीच्या गंभीर आजारपणामुळे माझे प्रोजेक्टचे काम वेळेत पूर्ण होऊ शकले नाही. तसेच माझा लॅपटॉपही बिघडला होता व शेतकऱ्यांकडूनही अपेक्षित सहकार्य मिळाले नाही. तरी कृपया थोडी मुदत वाढवून द्यावी ही नम्र विनंती. मी आपली आजन्म ऋणी राहीन.’

– आर., रामनगर, नागपूर

*

आर., तुझ्या रूममेटचं बरोबर आहे आणि तुझंही. तारीख जवळ आली होती म्हणून हे उत्तर तुला लगेच कळवलं. असे मेल लिहायची वेळ दरवर्षी अनेकांवर येते, म्हणून आता इथे सविस्तर देतेय.

मेल बहाण्यासारखा वाटतो ह्याचं कारण आधी हिशेबात शोधू, भाषेकडे मग वळू. कारण मेल उघडल्यावर सर पहिल्यांदा हिशेबच करणार आहेत. गाईडला आपल्या विद्यार्थ्याचं काम कुठवर आलंय ह्याचा साधारण अंदाज असतो. विषय त्यांच्यासमोर ठरला, प्रश्नावली त्यांनी तपासून दिली, आणि मार्चमध्ये तू काही दाखवायला फिरकली नाहीस हेही त्यांच्या लक्षात आहे, ते बोलले नसतील एवढंच. आता तुझ्या मेलमधून त्यांना काय कळतं? आजी आजारी होती. किती दिवस, ते लिहिलेलं नाही. काम राहिलं. किती राहिलं, तेही नाही. मग ते मनाशी धरून चालतात: आजारपणाचे चार-पाच दिवस, आणि राहिलेलं काम निदान तीन-चार आठवड्यांचं. चार दिवसांच्या कारणाने चार आठवड्यांचं काम मागे पडत नाही. मधले दिवस कुठे गेले, ह्याचं उत्तर मेलमध्ये नसलं की वाचणारा ते स्वतःच भरून घेतो, आणि तो जे भरतो ते आपल्या बाजूचं नसतं. त्या संशयात मग खरी आजीसुद्धा खोटी ठरते.

त्यात मार्च-एप्रिल म्हणजे आज्यांचा वाईट मोसम. ह्या दोन महिन्यांत किती आज्या आजारी पडतात, किती मामांचे अपघात होतात आणि किती पेन ड्राइव्ह करप्ट होतात, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचार. मीही हे मेल बरीच वर्षं वाचत आलेय. त्यातल्या बऱ्याच आज्या खऱ्याच असतात, पण ‘गंभीर आजारपण’ एवढे दोन शब्द सगळ्यांच्याच मेलमध्ये असतात. तुझ्याकडे तारखा आहेत, तू दवाखान्यात होतीस, आणि नेमकं तेच तू लिहिलेलं नाहीस.

आता तुझा मेल वाक्यावाक्याने बघू. ‘आपण नेहमीच विद्यार्थ्यांना समजून घेता’ हे काढ. कौतुक मनापासून असेल तर ते निकाल लागल्यावर सांग. मागणीच्या आधी आलेलं कौतुक हे मागणीचंच पहिलं पाऊल असतं, आणि सर ते ओळखतात. ‘आजन्म ऋणी’ही काढ. थोड्या दिवसांच्या मुदतीसाठी आजन्म ऋण कोण घेतं?

लॅपटॉपचं मला माहीत नाही, पण तुझ्या पत्रात वर जिथे तू खरं सांगते म्हणालीस तिथे लॅपटॉप कुठेच नाही. म्हणजे बिघडला असेल तर एखाददुसरा दिवस बिघडला असेल. मग तो मेलमध्ये नको. एका कारणाला दुसरं कारण जोडलं की दोन्ही मिळून जड होतील असं लिहिणाऱ्याला वाटतं. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, की पहिलं पुरेसं असतं तर दुसरं लागलं नसतं.

‘शेतकऱ्यांकडून सहकार्य मिळाले नाही’ हे वाक्य तर तुझ्याच रिपोर्टच्या विरोधात जातं. एकतीस जण तुझ्याशी बोलले. मृग बहाराचा माल फेब्रुवारी ते एप्रिल निघतो, त्या धावपळीत त्यांनी वेळ काढला. उरलेले नऊ जण भेटले नाहीत कारण तू नरखेडला पोचली नाहीस. एखादा शेतकरी तोडणी चालू असल्यामुळे खरोखरच भेटला नसेल, किंवा बगीचा व्यापाऱ्याला उभाच विकल्यामुळे किलोचा भाव सांगू शकला नसेल, तर ती संशोधनातली अडचण आहे. तिची जागा संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, ‘अभ्यासाच्या मर्यादा’ ह्या मथळ्याखाली. मुदतीच्या मेलमध्ये ती आणलीस तर आपला उशीर तू शेतकऱ्याच्या अंगावर टाकतेयस असं दिसतं.

मग उरतं एकच वाक्य, ‘काम वेळेत पूर्ण होऊ शकले नाही’. ह्यात काम आहे, वेळ आहे, पण तू कुठे नाहीस. जणू काम आपलं आपण चालत होतं आणि वाटेत थांबलं. ह्या वाक्याच्या जागी ‘मी काम मागे टाकलं’ असं लिही. लिहिताना जीभ जड होईल, पण मेल खरा वाटायला लागतो तो इथून.

आता ह्याच्या उलट टोकाची चूक सांगते, कारण माझा सल्ला वाचून तू तिकडे जाशील अशी भीती आहे. आपला दोष कबूल करायचा म्हणजे स्वतःला झोडपायचं नाही. ‘मी फार निष्काळजी आहे, मला स्वतःचीच लाज वाटते, आपला विश्वास मी गमावला’ असं चार ओळी लिहिलंस तर सरांवर तुझी समजूत घालायची पाळी येते, आणि समजूत घालता घालता नाही म्हणणं अवघड होतं. म्हणजे हाही एक दबावच झाला. कबुली एका वाक्यात संपव. काय केलं, किती दिवस, बस. शिकवणी घेत होतीस हे लिही, पण खोलीचं भाडं किती आणि घरची परिस्थिती कशी हे त्याला जोडू नकोस. ते खरं असलं तरी इथे ते वजन वाढवायला ठेवलेल्या दगडासारखं दिसेल. पैशाची खरी अडचण असेल तर ती सरांना वेगळी, समोर बसून सांगावी.

कबुली आणि आजी ह्यांचा क्रमही महत्त्वाचा. ‘आजी भरती होती, शिवाय माझ्याकडूनही थोडा उशीर झाला’ असं लिहिलंस तर उशीर आजीच्या पदराआड जातो. आधी तुझे तीन आठवडे येऊ देत, मग आजीचे चार दिवस. आणि त्या चार दिवसांनी नेमकं काय बिघडवलं ते सांग. मला वाटतं तुझ्या गोष्टीत सगळ्यात खरी आणि सगळ्यात उपयोगाची बाब हीच आहे, आणि ती तू मेलमध्ये घातलीच नाहीस: तीन आठवडे वाया गेल्यावर ते भरून काढायला तुझ्याकडे मार्चचा शेवटच उरला होता, आणि नेमका तोच दवाखान्यात गेला. एरवी चार दिवस किरकोळ असतात, पण शिल्लक तेवढीच असली तर ते मोठे होतात. हे वाचल्यावर सरांचा हिशेब जुळतो. ते कदाचित तीन आठवड्यांबद्दल चिडतील, पण आजीबद्दल शंका घेणार नाहीत.

आजाराचं नाव, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड ह्यातलं काहीही जोडू नकोस. ती आजीची खाजगी बाब आहे. विभागाने कागद मागितला तर दाखवायचा, आपणहून पुढे करायचा नाही. न मागता जोडलेला पुरावा ‘माझ्यावर विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे’ असं सांगत असतो.

आता मागणीकडे येऊ. ‘थोडी मुदत’ म्हणजे किती? सरांनी त्यावर काय उत्तर द्यायचं? ते ‘ठीक आहे’ म्हणाले तर तुला आठ दिवस वाटतील, त्यांना दोन. तारीख आणि वेळ तूच सांगायची, आणि ती कशी आली हे तुला सांगता यायला हवं. इथे बहुतेक मुलं एक चूक करतात. राहिलेलं सगळं काम मोजतात, समजा नऊ दिवसांचं निघालं, तर शेवटच्या तारखेपासून पुढे नऊ दिवस मागतात. पण आज ५ तारीख आहे. १० पर्यंतचे दिवस तुझेच आहेत, त्यात काम व्हायलाच हवं. मागायचे ते फक्त १० तारखेनंतर लागणारे.

तुझं काम मी असं मांडून बघितलं. उद्या ६ ला मेल पाठवायचा आणि नरखेडच्या नऊ जणांना फोन करून वेळ घ्यायची. ७ आणि ८ ला नरखेड. नागपूरहून काटोलमार्गे रेल्वेने जाता येतं, पण एप्रिलचं ऊन लक्षात घेऊन सकाळची गाडी धर. दुपारी १२ नंतर बगीच्यात कुणी बोलायला उभं राहणार नाही, त्यामुळे सकाळी दोन-तीन आणि ऊन उतरल्यावर दोन, असे दिवसाला चार-पाच जण होतील. ९ ला सगळ्या चाळीस प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भरून घे, १० ला तक्ते काढ. मग ११ ते १३ चौथं प्रकरण. १४ ला आंबेडकर जयंती, विभाग बंद, गावातली बाइंडिंगची दुकानंही त्या दिवशी धरू नकोस. तेव्हा तो दिवस घरी बसून पाचव्या प्रकरणाला दे. १५ ला शेवटचा हात, प्रिंट, बाइंडिंग. म्हणजे १६ तारखेला सकाळी ११ वाजता रिपोर्ट सरांच्या टेबलावर.

‘१४ पर्यंत देते’ असं घाईत लिहून बसली असतीस तर मेलमध्येच कळलं असतं की कॅलेंडरही बघितलेलं नाही. दुसरं म्हणजे ह्या मांडणीत फारशी उसंत नाही. आजीची तब्येत अजून नाजूक असेल आणि तुला मधून घरी जावं लागणार असेल, तर आत्ताच १७ माग. एकदाच एक दिवस जास्त मागितलेला चालतो. १६ ला पुन्हा ‘सर, अजून दोन दिवस’ असा मेल गेला, तर पहिलाही मेल मागे जाऊन खोटा ठरतो.

तारीख लिहिण्याआधी एक काम कर. १० एप्रिल ही तारीख कुणाची आहे ते शोध. कधी ती गाईडने स्वतः ठरवलेली असते, आपल्याला वाचायला आणि दुरुस्त्या सुचवायला वेळ मिळावा म्हणून. ती ते स्वतः हलवू शकतात. कधी ती विभागाच्या सूचना फलकावरची असते, सगळ्या वर्गासाठी. ती हलवायला विभागप्रमुखांच्या नावे, गाईडमार्फत, कागदावर अर्ज लागतो. तेव्हा हा मेल त्या अर्जाची पूर्वतयारी एवढाच. आणि ह्या दोन्हींच्या मागे एक भिंत असते: मौखिकीसाठी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचा दिवस आणि गुण विद्यापीठाला कळवायची तारीख. ती गाईडच्या हातात नसते. मौखिकी १५ ला ठेवली असेल तर १६ तारीख मागण्यात अर्थ नाही, सर कितीही चांगले असोत. विभागाच्या ऑफिसात फोन करून किंवा जाऊन हे पाच मिनिटांत कळतं. कळलं की मेलमध्ये एक ओळ येऊ दे, म्हणजे सरांना ते तपासत बसावं लागणार नाही.

मौखिकी २२ ला आहे असं धरून मी तुझा मेल पुन्हा लिहिला. तारीख वेगळी निघाली तर बदलून घे. पहिल्या तीन प्रकरणांची फाइल ह्याला जोडायची.

विषय: प्रोजेक्ट रिपोर्ट १० ऐवजी १६ एप्रिलला देण्याबाबत

‘आदरणीय सर,

माझा प्रोजेक्ट रिपोर्ट १० एप्रिलपर्यंत पूर्ण होणार नाही. तो १६ एप्रिलला सकाळी ११ वाजता देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.

मार्चमध्ये सुमारे तीन आठवडे मी संध्याकाळच्या शिकवणीत वेळ घालवला आणि मुलाखती मागे टाकल्या. मार्चच्या अखेरीस त्या भरून काढणार होते, पण २७ ते ३० मार्च माझी आजी दवाखान्यात भरती होती व मी तिच्याजवळ होते.

पहिली तीन प्रकरणे तयार आहेत, सोबत जोडली आहेत. ४० पैकी ३१ मुलाखती झाल्या आहेत. काटोलच्या २० पूर्ण आहेत. नरखेडच्या ९ बाकी आहेत, त्या मी ७ व ८ तारखेला नरखेडला जाऊन घेत आहे. १० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत सर्व तक्ते आपल्याला पाठवते. चौथे व पाचवे प्रकरण लिहिण्यासाठी त्यापुढचे दिवस हवे आहेत. मौखिकी २२ तारखेला असल्याचे विभागाच्या कार्यालयातून कळले.

मुदत देणे शक्य नसल्यास १० तारखेला जेवढे तयार असेल तेवढे सादर करीन.

आपली विद्यार्थिनी,
आर.’

तुझ्या मेलपेक्षा हा मोठा आहे, पण ह्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ सरांना तपासून बघता येते. फाइल उघडली की तीन प्रकरणं दिसतात. १० तारखेला तक्ते आले की नाही ते कळेल. मागणी पहिल्याच परिच्छेदात असल्यामुळे, बसमध्ये मोबाइलवर वाचणाऱ्या माणसालाही काय हवंय ते खाली न सरकवता समजतं. आणि कारणाचा परिच्छेद दोन वाक्यांत संपतो. बहाण्याच्या मेलमध्ये ह्याच्या उलट असतं, तिथे कारणच सगळा कागद व्यापून बसतं.

१० तारखेला तक्ते पाठवण्याचं वचन मी मुद्दाम घातलंय. जुनी तारीख पूर्ण मोडायची नाही, तिला काहीतरी द्यायचं. सरांच्या दृष्टीनेही ते सोयीचं: तक्ते आधी बघितले तर विश्लेषणात कुठे चुकतेयस ते त्यांना १६ च्या आत सांगता येईल. पण तक्ते १० ला खरोखरच देणं जमणार असेल तरच ती ओळ ठेव. नसेल तर फक्त मुलाखतींच्या भरलेल्या प्रश्नावल्या देते असं लिही.

शेवटच्या ओळीबद्दल तू कदाचित घासाघीस करशील. ‘नाही म्हणायची वाट आपणच का दाखवायची?’ ह्यासाठी, की त्या ओळीशिवाय तुझी विनंती म्हणजे अडवणूक होते: द्या मुदत, नाहीतर माझं वर्ष जातं. ती ओळ असली की सरांना दोन्ही उत्तरं मोकळेपणाने देता येतात. मात्र ती लिहिलीस तर तशी तयारीही ठेव. एकतीस मुलाखतींवर काय मांडता येईल, ह्याचा विचार आजच कर. काटोल आणि नरखेडची तुलना वीस विरुद्ध अकरा अशी लंगडी होईल, म्हणून नरखेडचे निष्कर्ष सावधपणे लिहायचे आणि आकडा लपवायचा नाही. सर मधली तारीख देतील, समजा १३, तर उरलेल्या मुलाखती फोनवर घेता येतील का ते त्यांनाच विचार. परवानगी मिळाली तर किती मुलाखती समोरासमोर आणि किती फोनवर झाल्या, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण नऊ प्रश्नावल्या बाकी आणि पाच दिवस हातात असले की ती डोक्यात येतेच. खोलीत बसून त्या नऊ जणांच्या प्रश्नावल्या आपणच भरून टाकायच्या, भाव थोडे वरखाली करून. हे होतं, आणि गाईडला ते बरेचदा कळतं. खऱ्या शेतकऱ्याची उत्तरं वेडीवाकडी असतात. एक जण टनाचा भाव सांगतो, दुसरा अख्ख्या बगीच्याचा सौदा सांगतो, तिसऱ्याला वाहतुकीचा खर्च आठवत नाही, चौथा अडत आणि हमाली एकत्र सांगतो. घरी भरलेल्या प्रश्नावलीत रकाना रिकामा राहत नाही आणि सगळे भाव सरासरीच्या आसपास घुटमळतात. मौखिकीत परीक्षकाने सहज विचारलं, ‘ह्या शेतकऱ्याने माल कळमन्याच्या बाजारात नेला की बांधावरच विकला?’ तर उत्तर देताना तुझी तारांबळ उडेल. मुदत मागण्याचा सगळा खटाटोप हे करायला लागू नये म्हणूनच आहे.

कारण सांगायचंच नसेल तर काय, हेही काही जण विचारतात. घरात भांडण आहे, स्वतःचं मन ठिकाणावर नाही, काही सांगण्यासारखं नसलेलं आहे. तिथे ‘कारण वैयक्तिक आहे, ते सविस्तर लिहीत नाही’ एवढं लिहिणं पूर्ण प्रामाणिक आहे. त्या जागी खोटी आजी आणण्यापेक्षा कितीतरी बरं. मात्र अशा मेलमध्ये कामाची स्थिती आणि तारीख दुप्पट चोख हवी, कारण सरांना धरायला तेवढंच उरतं.

पाठवायचं कधी? उद्या सकाळी. ९ च्या रात्री आलेल्या मेलमध्ये हेच शब्द असले तरी ते वेगळे वाचले जातात, कारण त्या वेळी सरांसमोर निवड उरलेली नसते. मेल पाठवल्यावर व्हॉट्सअॅपवर एकच ओळ टाक: ‘सर, रिपोर्टच्या तारखेबाबत मेल पाठवला आहे.’ पूर्ण मजकूर तिथे चिकटवू नकोस, हात जोडल्याच्या इमोजीही नकोत. ७ आणि ८ ला तू नरखेडला असशील, तेव्हा उत्तर आलं नाही तर ९ ला विभागात जाऊन त्यांना समोर भेट. उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला असं धरू नकोस. तसं धरून बसलेले विद्यार्थी १० च्या संध्याकाळी बरेच गोत्यात येतात. भेटल्यावर आजीची कहाणी पुन्हा सुरुवातीपासून सांगायची गरज नाही. ‘सर, मेल पाठवला होता, १६ चालेल का?’ एवढंच विचार. ते कदाचित शिकवणीवरून दोन शब्द सुनावतील. ऐकून घे, ‘पण सर’ म्हणू नकोस.

होकार तोंडी मिळाला तर त्याच दिवशी जुन्याच मेलखाली उत्तर म्हणून लिही: ‘सर, आज आपण १६ एप्रिल, सकाळी ११ ही वेळ दिलीत. त्याप्रमाणे देते.’ १० चे तक्तेही त्याच मेलखाली पाठव, नवीन मेल उघडून नको. विभागप्रमुखांनी कधी विचारलं तर सरांना एकाच ठिकाणी सगळं दाखवता येईल.